मामा, तो फोटो तुम्ही भिंतीवरून उतरवलात म्हणून

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

बाईंचा निरोप समारंभ होऊन आठ दिवस झाले, तरी तुम्हाला हे लिहिताना अजून घसा दाटून येतो.

बाईंची जन्मतारीख 1 जून, म्हणून कागदोपत्री निवृत्ती 31 मेची. तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून कार्यक्रम एप्रिलअखेरीलाच ठेवला. तीन मिनिटांचं मनोगत माझ्याकडे आलं ते दोन दिवस आधी. मी या शाळेत चारच वर्षं आहे. बाईंसोबत वीस-वीस वर्षं काढलेल्या सहकाऱ्यांकडे मी आठवणी मागितल्या. एकांनी मोबाईलवर तयार भाषण पाठवलं. त्यात ज्ञानदानाचं पवित्र कार्य होतं, मेणबत्ती होती, आणि तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच कुठल्या सरांचं नाव तसंच राहिलेलं होतं. दुसरे म्हणाले, "काहीतरी बोला हो, कोण ऐकतंय?" ते वाक्य मला फार लागलं. बाई ऐकणार होत्या ना!

शेवटी कार्यालयातल्या 2008-09 च्या ग्रुप फोटोचा मोबाईलवर फोटो काढून मी तुमच्या घरी आले. त्यावरून मी पाच गोष्टी लिहून आणल्या होत्या: साडी, केसांतला गजरा, चेहऱ्यावरचं तेज, असं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "हे तर सगळ्याच बाईंना म्हणतात." मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन विचारलंत, "बाईंच्या हातात काय आहे?" मला दिसेना. काचेवर ट्यूबलाईटची तिरीप नेमकी तिथेच पडली होती.

त्यानंतर तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेली, गुडघे दुखतात, बाहेर एप्रिलचं ऊन. तुम्ही टोपी घातलीत आणि माझ्याबरोबर शाळेत आलात. स्टुलावर चढून फ्रेम उतरवलीत, उपरण्यानं काच पुसलीत आणि ती व्हरांड्यात नेऊन सावलीत तिरकी धरलीत. तेव्हा दिसलं. बाईंच्या हातात लहान मुलीचं दप्तर होतं. एक पट्टा तुटलेला, त्याला सुतळीची गाठ.

बाईंची नजर कॅमेऱ्याकडे नाही हे मला आधी दिसलं होतं. फोटो बिघडलाय असं समजून मी ते सोडूनच दिलं होतं. तुम्ही सांगितलंत, त्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीला ताप भरला होता. तिला कार्यालयात निजवून, तिचं दप्तर उचलून बाई तशाच ओळीत येऊन उभ्या राहिल्या, आणि वडील येतात का म्हणून फाटकाकडे बघत राहिल्या. दप्तर आणि नजर, दोन्हींचा एकच अर्थ लागला आणि भाषण तिथेच सापडलं.

मी घाईत लिहिलं, "बाई नेहमीच अशा धावून जायच्या." तुम्ही थांबवलंत. "फोटोत एकच दिवस आहे. तेवढंच सांगा." मुलीचं नावही घेऊ दिलं नाहीत. तिला विचारलेलं नाही, आता ती सासरी आहे, म्हणालात. चार पुस्तकं शिकलेल्या आम्हाला ही समज का नसते, मामा?

आधी लिहून आणलेल्या पाचही गोष्टी मी काढून टाकल्या. तीनशेच्या आसपास शब्द उरले. मोठ्यानं वाचले तेव्हा लक्षात आलं की मागच्या रांगेतल्या माणसाला फोटो दिसणारच नाही. म्हणून सुरुवात अशी केली: "खुर्च्यांच्या मागच्या ओळीत, तुमच्या उजवीकडून दुसऱ्या, त्या आपल्या बाई. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. बाई फाटकाकडे बघताहेत." 'तुमच्या' हा शब्द मुद्दाम घातला, नाहीतर उजवं-डावं उलटं होऊन लोक भलत्याच बाईंना शोधत बसले असते. या तीन वाक्यांनंतर मंडपातली कुजबुज थांबली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला तो दप्तराच्या गाठीशी.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला न विचारता केली, त्याची क्षमा असावी. आदल्या रात्री मी फोटोखाली छापलेली नावं मोजली. सगळ्या कर्मचाऱ्यांची होती, तुमचं नव्हतं. फोटोतही तुम्ही नाही. तुम्हाला फोन केला तर एवढंच म्हणालात, "मी तिच्या वडिलांना आणायला सायकलवर गेलो होतो."

भाषणाचं शेवटचं वाक्य ते होतं. ते मी वाचलं, तेव्हा बाई खुर्चीवरून उठल्या आणि मागच्या रांगेत तुम्हाला शोधायला लागल्या.

तुमची,
शाळेतली धाकटी बाई