घड्याळ कपाटात ठेवणार नाहीये, बाबा

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर बोलताना नेटवर्क गेलं आणि नंतर विषय राहूनच गेला, म्हणून सरळ लिहूनच टाकतेय. बाबा, तुम्ही म्हणालात की आजोबांचं घड्याळ आता म्हातारं झालंय, उगाच पळवू नकोस, पुसून नीट कपाटात ठेव, आठवण आहे ती. आई मागून म्हणाली की बरोबर आहे, हरवलं-बिरवलं तर काय घ्या. मला तुमच्या दोघांचं म्हणणं कळतं पण पटत नाही. का पटत नाही ते फोनवर सांगता आलं नसतं, कारण मध्येच मला रडू आलं असतं आणि आई घाबरली असती.

आधी घड्याळाची तब्येत. महिन्याभरापूर्वी ते अचानक पुढे पळायला लागलं, म्हणजे दिवसाला चार-चार मिनिटं. तुम्ही लगेच वयावर गेलात, पण म्हातारपणाची लक्षणं वेगळी असतात असं घड्याळवाले काका म्हणाले. आतलं तेल सुकलं की घड्याळ दमतं, म्हणजे सकाळी पूर्ण चावी दिली तरी रात्रीत बंद पडतं. आपलं तर एका चावीवर दीड दिवस आरामात चालत होतं, फक्त घाईत होतं. एकदम मिनिटांनी पुढे जायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचा घ्यायचा म्हणे. काकांनी टेबलावर साधं होकायंत्र ठेवलं, घड्याळ त्याच्याजवळ नेलं आणि सुई चक्क घड्याळाकडे वळली. आत केसासारखी बारीक गुंडाळलेली हेअरस्प्रिंग असते ना, तिला चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग ती जणू आखूड होते आणि आखूड स्प्रिंगवर चाक भराभर हलतं. आता चुंबक आला कुठून, तर माझ्या नव्या पर्सचं बटण! ऑफिसात टाइप करताना पट्टा टोचतो म्हणून मी घड्याळ काढून पर्सच्या पुढच्या कप्प्यात टाकते, बरोब्बर त्या बटणाला लागून. काकांनी ते एका छोट्या मशीनवर धरलं, बटण दाबलं आणि हळूहळू उचलत लांब नेलं, झालं, अर्धं मिनिटही लागलं नाही. मग एका माइकवर ठेवून त्याची टिकटिक ऐकवली, स्क्रीनवर आकडा आला दिवसाला ९ सेकंद पुढे. एवढ्या जुन्या घड्याळाला हे उत्तम आहे म्हणाले. विचार करा, दिवसात ८६,४०० सेकंद, त्यात फक्त ९ चुकतात, मी तरी आयुष्यात कुठल्या कामात इतकी अचूक नाही.

तर आजार तेवढाच होता. तरी मी म्हटलं आता आलेच आहे तर उघडून बघा, तेल-पाणी करा. आणि खरं सांगायचंय ते इथे आहे.

त्यांनी मागचं झाकण काढून उलटं केलं आणि डोळ्याला लावायची भिंग माझ्या हातात दिली. झाकणाच्या आतल्या बाजूला अगदी बारीक सुईनं कोरल्यासारख्या खुणा होत्या, आकडे, एखादं अक्षर. घड्याळ दुरुस्त करणारे अशी खूण करून ठेवतात म्हणे, महिना-वर्ष आणि स्वतःची काहीतरी निशाणी, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की आधी कधी उघडलं होतं. मालकाला सहसा हे माहीतच नसतं कारण तो कशाला झाकण उघडेल. आपल्या घड्याळात अशा पाच खुणा आहेत, वेगवेगळ्या हातांच्या, एकाचं अक्षर तर इतकं देखणं की वाटावं दागिन्यावर कोरलंय. पहिल्या चार खुणांमध्ये साधारण पाच-सहा वर्षांचं अंतर आहे, शिस्तीत, आजोबांसारखंच. पाचवी खूण मात्र आजोबा अंथरुणाला खिळले त्याच्या पुढच्या वर्षाची आहे.

बाबा, ते तर तेव्हा दारापर्यंतही जात नव्हते ना?

म्हणजे तुम्ही नेलंत. नेलंत, दुरुस्त करून आणलंत, परत त्यांच्या हातात बांधलंत आणि कुणाला एका शब्दानं बोलला नाहीत. मला तरी आठवत नाही. आणि त्यावरून पुढचं सुचलं. आजोबांची बोटं तेव्हा इतकी थरथरायची की शर्टाचं बटण आई लावायची, मग घड्याळाची ती एवढीशी चावी कोण द्यायचं? रोज द्यावी लागते ती, आणि घड्याळ तर कधी बंद पडलेलं मी पाहिलं नाही. आई, तूच ना? सकाळच्या गोळ्या देताना? मला आता धूसर आठवतंय की तू त्यांचा हात हातात धरून काहीतरी फिरवत असायचीस, मला वाटायचं नाडी बघतेस.

मला इतकी वर्षं वाटत आलं की हे घड्याळ आजोबांनी मला दिलं. तुम्हा दोघांना वगळून, सरळ नातीला. आणि थोडं अवघडूनही जायचे कारण बाबा, हक्कानं ते तुमच्याकडे यायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटलं असणार, तुम्ही दाखवलं नाहीत. आईचं तेव्हाचं वाक्य आठवतंय, मुलीच्या हातात जेन्ट्स घड्याळ कसं दिसेल. (आई, छान दिसतं. पूर्वीची पुरुषांची घड्याळं आत्ताच्या मानानं लहानच असायची, याची तबकडी ३४ मिलिमीटर आहे, ऑफिसातल्या सगळ्या मुलींची माझ्यापेक्षा मोठी आहेत.)

त्यांनी मला दिलं तेव्हा काही आशीर्वाद वगैरे दिला नव्हता हे तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात. मी शिकायला बाहेरगावी निघाले होते. त्यांनी हात पुढे केला, पट्टा मला सोडायला लावला आणि सरळ सूचनाच चालू. सकाळी उठल्यावर चावी द्यायची, रोज त्याच वेळी, हातातून काढून द्यायची, घातलेलं असताना नाही, चावी घट्ट लागली की थांबायचं, जोर करायचा नाही. आंघोळीला घालायचं नाही. आणि मला दर आठवड्याला सांगायचं किती पुढे गेलं.

लहानपणी ते आम्हाला सांगायचे ना की यात १७ माणकं आहेत, आणि आम्ही पोरं त्यांना श्रीमंत समजायचो! तबकडीवर लिहिलेलंच आहे तसं. माणकं खरी पण कारखान्यात बनवलेली, फ्रान्सच्या व्हेर्नाय नावाच्या माणसानं १९०२ साली ती पद्धत जगासमोर मांडली आणि तेव्हापासून खाणीतली माणकं घड्याळात घालायची गरजच उरली नाही. ती असतात कारण चाकांचे आस सारखे फिरून झिजू नयेत म्हणून, धातूवर धातू घासण्यापेक्षा गुळगुळीत दगडावर फिरणं बरं. काकांनी दाखवली मला, खसखशीएवढी, गुलाबी. आजोबांना हे सगळं माहीत असणार, पण श्रीमंत राहणं त्यांना आवडत असावं.

तर दर रविवारचा तो फोन. आजोबा कधीच विचारायचे नाहीत कशी आहेस, जेवलीस का, मन लागतंय का, ते काम आईचं. त्यांचा एकच प्रश्न, किती पुढे? मी मोबाइलच्या वेळेशी लावून सांगायचे, आठवड्यात ऐंशी सेकंद, नव्वद सेकंद. मला तेव्हा वाटायचं काय हा म्हातारा, नात एवढी लांब राहते आणि याला घड्याळाची पडलीय. पण एकदा परीक्षेच्या दिवसांत मी म्हटलं या आठवड्यात काही नेम नाही, कधी पुढे कधी मागे. तर लगेच म्हणाले, झोपत नाहीयेस तू. मी चकितच झाले. मग त्यांनी सांगितलं, मेनस्प्रिंग पूर्ण भरलेली असताना आणि उतरत आलेली असताना घड्याळाची चाल सारखी राहत नाही, म्हणून चावी रोज त्याच वेळी दिली तर चूक रोज तेवढीच येते, आणि चावीच्या वेळा विस्कटल्या की चूकही विस्कटते. शिवाय रात्री ते टेबलावर किती तास पडून असतं त्यानंही फरक पडतो. पडलेलं वेगळं चालतं, हातात वेगळं. त्यांनीच मला शिकवलं होतं की जरा पुढे जात असेल तर रात्री चावीची बाजू वर करून उभं ठेव, आपलं घड्याळ तसं ठेवलं की मागे पडतं, सकाळपर्यंत काही सेकंद वसूल होतात. म्हणजे मी किती वाजता उठतेय, नीट झोपतेय का, हे सगळं त्यांना त्या एका आकड्यावरून कळत होतं. हा माणूस आयुष्यात कुणाला कसा आहेस विचारू शकला नाही, बाबा तुम्हालाही नाही हे मला माहितीये, आणि त्यानं विचारायची एक सोय करून ठेवली होती.

आता उलट बाजूनं बघा. ते अंथरुणावर असताना घड्याळ एक दिवस बंद पडलं असतं तर त्यांना सगळ्यात आधी कळलं असतं, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही. तुम्ही दोघांनी ते होऊ दिलं नाहीत. तुमच्या आणि त्यांच्यात बोलणं किती होतं ते मी पाहिलंय, जवळजवळ नाहीच. पण झाकणाच्या आत पाचवी खूण आहे. मला वाटतं त्यांनी घड्याळ मला दिलं कारण तुम्हाला काही सिद्ध करायची गरज उरली नव्हती, चावी द्यायला शिकायची पाळी माझी होती. चूक असेल तर सांगा, पण फोनवर नको, लिहून सांगा.

म्हणून कपाटात नाही ठेवणार. शिवाय कपाटात ठेवून ते जपलं जात नाही, नुसतं पडून राहिलं तरी तेल घट्ट होतंच आणि मग कधीतरी कुणी हौसेनं चावी दिली की कोरडी चाकं घासतात. पाणी मात्र लागू देणार नाही, मागच्या झाकणाचं रबर नवीन बसवलंय तरी काका म्हणाले भरवसा ठेवू नका. पावसात पिशवीत. मागच्या कप्प्यात, बटणापासून लांब.

काकांनी सहावी खूण कोरली, मी विचारलं मला फोटो काढू द्याल का, तो सोबत पाठवतेय. बाबा, तिसऱ्या खुणेशेजारचं अक्षर तुम्हाला ओळखू येतंय का बघा, मला ते झाडासारखं दिसतं पण तसं नसणार. आणि आई, तू चावी सकाळी नक्की किती वाजता द्यायचीस ते सांग, मी तीच वेळ धरते.

रविवारी फोन करते. या आठवड्याचा आकडा आत्ताच सांगून टाकते, साठच्या आसपास, पुढे.

तुमची,
ताई
(धाकट्याला पण वाचायला द्या, त्याला वाटतं मी घड्याळ लाटलं)