बाई, तुम्ही शेवटची ओळ बघायला लावली त्याबद्दल

प्रिय बाईंना,
सप्रेम नमस्कार.

पुस्तिका छापून आली बाई! साखर पेठेतल्या प्रेसमधून काल संध्याकाळी गठ्ठे घरी आणले आणि पहिल्यांदा तुमचीच आठवण आली. फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या भजनी मंडळाला स्त्री संतांच्या अभंगांचा छोटा संग्रह करायचा होता. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कान्होपात्रा, बहिणाबाई, वेणाबाई, प्रत्येकीचे चार-पाच अभंग आणि वर सहा ओळींचा परिचय. मी वह्यांमधून, मोबाईलवर आलेल्या मेसेजमधून जे मिळेल ते उतरवून काढलं आणि तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही चहा ठेवला, पहिलं पान उघडलं आणि एवढंच विचारलंत, "यातली मुद्रा कुठंय गं?" मुद्रा म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी, रचणाऱ्याच्या नावाची सही.

बहिणाबाईंच्या पानावर मी "अरे संसार संसार" घातली होती. तुम्ही रागावला नाहीत, दोन बहिणाबाई समोर मांडून दाखवल्यात. एक शिऊरच्या, 1628 ते 1700 मधल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या, आणि दुसऱ्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी, 1880 ला असोद्याला जन्मलेल्या, 1951 ला गेलेल्या. दोघींच्या जन्मात दोनशे वर्षांहून जास्त अंतर, बोली वेगळी, आणि मुख्य म्हणजे संतांच्या अभंगात शेवटी जी नावाची सही असते ती त्या कवितेत नाहीच. छापून गेलं असतं तर मला आयुष्यभर लागून राहिलं असतं.

मग तुम्ही "संतकृपा झाली, इमारत फळा आली" काढायला सांगितलंत. आम्ही तो वर्षानुवर्षं "तुका झालासे कळस, भजन करा सावकाश" इथं थांबवतो, त्यामुळे मंडळातल्या निम्म्या बायकांना तो तुकोबांचाच वाटायचा. पुढचं कडवं तुम्ही म्हणून दाखवलंत, "बहिणा फडकती ध्वजा". ज्ञानदेवांनी पाया घातला, नामदेवांनी विस्तार केला, एकनाथांनी खांब दिला, तुकोबा कळस झाले आणि त्या कळसावरची ध्वजा आपण, असं सांगणारी बाई शेवटच्या ओळीत उभी आहे आणि आपण ती ओळच गात नाही! दुसऱ्या अर्ध्या ओळीचे पाठभेद आहेत म्हणून एकच पाठ धरा आणि तळाला दुसरा छापा, हेही तुम्हीच सांगितलंत.

सगळ्यात जास्त चर्चा झाली चोखोबांच्या बायकोवर, सोयराबाईंवर. "अवघा रंग एक झाला" सगळ्यांना पाठ, पण शेवटी "म्हणे चोखियाची महारी" येतं, तिथं तिचं नावच नाही. एका ताईंना तो शब्द वाचायला अवघड वाटला, म्हणाल्या बदलून "सोयरा" करूया. तुम्ही म्हणालात, तिनं स्वतःची जी सही केली ती आपण पुसायची नाही, नाव परिचयात लिहा आणि सही तशीच ठेवा. आणि त्याच पानावर "देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध" घ्यायला लावलंत, म्हणजे त्या सहीमागं किती धार आहे ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

मुद्रेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही हेही शिकवलंत. नामा म्हणून सही करणारे नामदेवांनंतरही होऊन गेले, विष्णुदास नामा त्यातलेच, तर "नामयाची जनी" म्हणूनही नंतरचं काही मिसळलं असू शकतं, त्यामुळे जनाबाईंचे अभंग आपण गाथेत बघून घेतले आणि जे फक्त मेसेजवर होते ते सोडून दिले. माझे आवडते दोन गेले, पण ठीक आहे.

कान्होपात्रेचं पान मात्र तुम्ही माझ्याकडूनच तीनदा लिहून घेतलंत. मंगळवेढा आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं, त्यामुळे मी भारावून कथाच लिहीत सुटले होते. बिदरच्या बादशहाचं बोलावणं, विठ्ठलापाशी प्राण सोडणं, तिथं उगवलेलं तरटीचं झाड, त्या सगळ्याला तुम्ही फक्त "अशी कथा सांगतात" एवढे तीन शब्द जोडलेत आणि परिचय एकदम सरळ झाला. खाली "नको देवराया अंत आता पाहू" पूर्ण दिला, "घेई कान्होपात्रेस हृदयात" या शेवटच्या ओळीसकट.

बाई, चष्मा बदलायचा असूनही तुम्ही दोन वेळा प्रूफ वाचलंत, पेन्सिलीनं बारीक खुणा करून. ती पानं मी जपून ठेवलीयेत. गुरुवारी दुपारी तुमच्या प्रती घेऊन येते. आणि एकादशीच्या भजनात आम्ही "कळस"वर थांबलो नाही, ध्वजेपर्यंत गेलो.

तुमची,
तुमच्याकडे आठवीला मराठी शिकलेली