रुईची अळी, बोंडअळी आणि सहउत्क्रांती: थोडा खुलासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने बीटी वाणाला दाद देणं सोडलं आणि रुईवरची अळी विषारी चीक पचवते, या दोन्ही गोष्टींना आपल्याकडे सर्रास ‘सहउत्क्रांती’ म्हटलं जातं. रासायनिक परिस्थितिकीच्या चर्चासत्रासाठी विद्यार्थी जे सारांश लिहून आणतात, त्यांतही हाच घोळ दिसतो. म्हणून खुलासा करावासा वाटतो.

वनस्पतींची रसायनं आणि त्यांवर जगणारी फुलपाखरं एकमेकांना घडवत गेली, ही मांडणी अर्लिक आणि रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये केली. पुढे 1980 मध्ये परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी अट घातली, की किडीतल्या बदलाला वनस्पतीने आणि वनस्पतीतल्या बदलाला किडीने, असं दोन्ही बाजूंनी उत्तर दिसलं तरच सहउत्क्रांती म्हणावं. बोंडअळीत प्रतिकार आला ही उत्क्रांती खरीच. पण पलीकडच्या बाजूला बियाण्यातलं जनुक माणूस बदलतो, कपाशीचं झाड स्वतः उत्तर शोधत नाही. तिथे हा शब्द लागू होत नाही.

रुईचं मात्र तसं नाही. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही रुई, खानदेशात बांधावर आणि पडीक रानात कुठेही दिसणारी. तिच्या चिकात दोन अस्त्रं आहेत. पहिलं साधं आहे: पान कुरतडलं की दाबाखालचा चीक बाहेर येतो, हवेत घट्ट होतो आणि किडीचा जबडा चिकटवून टाकतो. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्या मिल्कवीड या रुईच्या कुळातल्याच झाडाच्या चिकात अडकून मरतात, हे नोंदलं गेलं आहे. दुसरं अस्त्र म्हणजे कार्डेनोलाइड ही विषं. प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो एका फेरीत 3 सोडियम बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. कार्डेनोलाइड त्या पंपाला चिकटून तो बंद पाडतं. हृदयविकारावर दिलं जाणारं डिगॉक्सिन याच कुळातलं.

पहिल्या अस्त्रावरची तोड बांधावर उभं राहूनही बघता येते. बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर फुलपाखराची पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी पान खाण्याआधी त्याची मुख्य शीर देठाजवळ कुरतडते. चीक तिथेच वाहून जातो आणि पुढच्या भागातला दाब उतरतो. मग ती त्या भागावर निवांत चरते. रुईत चिकाच्या नळ्या शिरांच्या फांद्यांप्रमाणे पसरलेल्या असतात, म्हणून एकच घाव पुरतो. ज्या झाडात नळ्यांची जाळी असते तिथे चीक दुसऱ्या वाटेने येतो, आणि किडीला पानाच्या रुंदीभर आडवा चर खणावा लागतो.

विद्यार्थ्यांना हे करून बघायचं असेल तर पाऊस झाल्यानंतरच्या दिवसांत सकाळी जावं. एकाच झाडाच्या दोन वेगळ्या फांद्यांवरची साधारण एका वयाची पानं घ्यावीत. एका पानाची मुख्य शीर देठाजवळ कात्रीने कापावी, पाच मिनिटं थांबावं आणि मग दोन्ही पानांची टोकं सेंटिमीटरभर छाटावीत. न कापलेल्या पानातून चीक भराभर थेंबावतो, कापलेल्यातून जेमतेम येतो. इथे दोन चुका हटकून होतात. दोन्ही पानं एकाच फांदीवरची घेतली तर एका घावाने शेजारच्या पानाचाही दाब उतरतो आणि फरक पुसट होतो. दुपारी किंवा ताण पडलेल्या झाडावर प्रयोग केला तर मुळातच चीक कमी येतो, आणि तो शीर कापल्यामुळेच कमी आला असं वाटतं. म्हणून न कापलेल्या पानाची नोंद घेतल्याशिवाय दुसऱ्या पानावर काहीच ठरवू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच. चीक डोळ्यात गेला तर दुखणं फारसं जाणवत नाही, पण काही तासांनी नजर धूसर होते. लगेच पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवावं आणि नेत्रतज्ज्ञाकडे जावं. दुखत नाही म्हणून वाट बघू नये.

दुसऱ्या अस्त्रावरची तोड डोळ्यांना दिसत नाही. तिचा पुरावा मोनार्कवर मिळाला, जो आपल्या बिबळ्या कडव्याच्याच प्रजातीतला आहे. त्याच्या पंपाच्या प्रथिनसाखळीतली 111, 119 आणि 122 क्रमांकाची अमिनो आम्लं बदललेली आहेत, त्यामुळे विष नीट चिकटत नाही. 2019 मध्ये हे तिन्ही बदल जनुक-संपादनाने फळमाशीत घालून पाहिले, तर मिल्कवीड मिसळलेल्या खाद्यावर ती माशी तगली. आम्हाला यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो किमतीचा. फक्त 122 वरचा बदल घातलेल्या माशीला विष बाधेनासं झालं, पण तिला जोराने हलवलं की ती लुळी पडायची. 119 वरचा बदल सोबत आला की हा दोष बराच कमी झाला. म्हणजे कोणता बदल आधी येऊ शकतो यालाही मर्यादा होती.

इथपर्यंत गोष्ट एकतर्फीच आहे: झाडाने विष केलं, किडीने तोड काढली. विद्यार्थ्यांचे सारांश बहुतेक इथेच थांबतात, आणि आमची हरकत नेमकी इथे आहे. झाडाचं उत्तर दाखवायला हवं. व्होरुशारिन हे कार्डेनोलाइड रुईतही सापडतं आणि उष्ण प्रदेशातल्या एका मिल्कवीडच्या पानांतल्या एकूण कार्डेनोलाइडपैकी सुमारे 40 टक्के तेच असतं. त्याच्या रेणूला नायट्रोजन आणि गंधक असलेलं जास्तीचं कडं आहे, आणि मोनार्कचा बदललेला पंपही ते इतर कार्डेनोलाइडपेक्षा जोरात अडवतं. अळी त्याचं रूपांतर कॅलोट्रोपिन आणि कॅलॅक्टिन या सौम्य रूपांत करून ती अंगात साठवते, पण या खटाटोपात तिची वाढ मंदावते. किडीची तोड असूनही तिला महागात पडणारं रसायन झाडात आहे, हा जॅन्झेन यांच्या अटीजवळ जाणारा पुरावा. जवळ जाणारा एवढंच म्हणतो, कारण हे रसायन मोनार्कच्या दबावामुळेच वाढलं की आणखी कुणाच्या, हे एवढ्यावरून ठरत नाही.

झाडाचं उत्तर दरवेळी जास्त विष हेच असतं असंही नाही. अग्रवाल आणि फिशबाइन यांनी 2008 मध्ये मिल्कवीडच्या वंशवृक्षावर दाखवलं, की नव्या शाखांकडे जाताना चीक आणि कार्डेनोलाइड कमी होत गेले आणि खाल्लेलं पुन्हा वाढवण्याची क्षमता वाढत गेली. विष ज्यांना बाधतच नाही असे खाणारे गाठीला पडल्यावर विषावरचा खर्च कमी करणं झाडाला परवडतं. ‘शस्त्रस्पर्धा’ या शब्दात ही माघार बसत नाही, म्हणून तो शब्द आम्ही जपून वापरतो.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. मोनार्कवरचे आकडे बिबळ्या कडव्याच्या नावावर लिहू नयेत. त्याच्या अंगातला विषाचा साठा फार कमी-जास्त आढळतो. रुईही आपल्याकडे दोन जातींची आहे. एकीच्या पाकळ्या उभ्या, पांढऱ्या आणि टोकाला जांभळ्या असतात, दुसरीच्या फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या आणि पसरलेल्या. कोणत्या जातीवर अळी सापडली, हे फुलाच्या फोटोसह नोंदवलं नाही तर रसायनांची तुलना करता येत नाही.

आपले,
वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राचे दोन अध्यापक,
अमळनेर, जि. जळगाव