वीसवाला बार आणि मागचा भागाकार

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जिमला जाणाऱ्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या आहारावर आपल्या पुरवणीत मध्यंतरी लेख आला होता. लेख चांगला होता, पण प्रोटीन बारबद्दल एवढंच लिहिलं होतं, की पाकिटावर जास्त प्रोटीनचा आकडा असलेला बार घ्यावा. माझं बेळगावच्या शहापुरात किराणा दुकान आहे आणि शेजारच्या गल्लीतच जिम आहे. हे बार मी रोज विकतो, म्हणून थोडं लिहावंसं वाटलं.

संध्याकाळी सातनंतर पोरं येतात आणि काउंटरवर हात ठेवून म्हणतात, "काका, वीसवाला द्या की." वीसवाला म्हणजे ज्याच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 20 ग्रॅम प्रोटीन छापलंय तो. शेजारी 12 ग्रॅमवाला लहान बार असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. माझा भाचा सैन्यभरतीसाठी पहाटे पळायला जातो. त्याला मीच दोन महिने वीसवाला दिला, मामाचं दुकान म्हणून फुकट.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा दोन्ही पाकिटं उलटी करून बघितली. वीसवाला 70 ग्रॅमचा, त्यात 310 कॅलरी आणि वरून घातलेली साखर 14 ग्रॅम. बारावाला 40 ग्रॅमचा, 150 कॅलरी, साखर 1 ग्रॅम. आता प्रोटीनला कॅलरीनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं, म्हणजे शंभर कॅलरीमागं किती ग्रॅम प्रोटीन पदरात पडतं ते कळतं. वीसवाल्याचं उत्तर साडेसहाच्याही थोडं आत येतं आणि बारावाल्याचं बरोबर 8. म्हणजे लहान बारमधून 20 ग्रॅम प्रोटीन घ्यायचं झालं तर 250 कॅलरी पोटात जातात आणि मोठ्यातून 310. वरच्या 60 कॅलरींतला बहुतेक भाग साखरेचा आहे, कारण एक ग्रॅम साखर म्हणजे 4 कॅलरी. 14 ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीन चमचे. चहात एवढी घातली तर भाचा कप परत करील.

हे उत्तर चांगलं की वाईट, हे आपल्या घरच्या खाण्याशी ताडून बघितल्यावरच समजतं. उकडलेल्या अंड्यात शंभर कॅलरीमागं आठच्या वर प्रोटीन मिळतं, फुटाण्यांत सहाच्या आसपास आणि शेंगदाण्यात साडेचार. शेंगदाण्याला आपल्याकडं प्रोटीनचं खाणं म्हणतात आणि ते खरंही आहे, शंभर ग्रॅममध्ये 25 ग्रॅम असतं. पण तेल भरपूर, त्यामुळे कॅलरीही साडेपाचशेच्या वर जातात. माझा वीसवाला बार या हिशेबात फुटाण्याच्या पंक्तीला बसतो. फरक एवढाच की फुटाण्यात कुणी साखर घालत नाही.

पाकिटावर 'हाय प्रोटीन' लिहिलेलं असलं तरी हरखून जायचं कारण नाही. नियमाप्रमाणं घट्ट पदार्थात शंभर ग्रॅमला दिवसाच्या गरजेच्या 20 टक्के प्रोटीन असलं की तसं लिहिता येतं. गरज 54 ग्रॅम धरली तर हे 11 ग्रॅमच्या आसपास भरतं. शेंगदाणे यात केव्हाच बसतात आणि 40 ग्रॅमच्या बारमध्ये साडेचार ग्रॅम असलं तरी तोही बसतो.

हिशेब करताना मी स्वतः एकदा फसलोय, तेही सांगतो. मागच्या तक्त्यात दोन रकाने असतात, एक शंभर ग्रॅमचा आणि एक अख्ख्या बारचा किंवा एका खेपेला खायच्या भागाचा. मी घाईत प्रोटीन शंभर ग्रॅमच्या रकान्यातलं घेतलं, साडेअठ्ठावीस, आणि कॅलरी बारच्या रकान्यातल्या, 310. उत्तर नऊच्या वर आलं आणि मी एका पोराला "हाच घे" म्हणून मोकळा झालो. दोन्ही आकडे एकाच रकान्यातले घेतले की कुठलाही रकाना चालतो, उत्तर तेच येतं. साखरेचं मात्र तसं नाही. ती शंभर ग्रॅमला 20 लिहिली असेल तर 70 ग्रॅमच्या बारला 14 धरावी लागते. काही ठिकाणी 'एक भाग' म्हणजे अर्धाच बार धरलेला असतो. अर्धा बार खाऊन उरलेला खिशात ठेवणारं पोर मी अजून बघितलेलं नाही.

साखरेच्या दोन ओळी असतात, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, म्हणजे ॲडेड शुगर. खजुराच्या बारवर दुसऱ्या ओळीत शून्य आणि पहिलीत 15-17 असं दिसू शकतं. यात खोटं काही नसतं, साखर खजुराचीच असते. पण भागाकारात तिच्या कॅलरी धरल्या जातातच, म्हणून पुढचा प्रोटीनचा आकडा छान दिसूनही उत्तर खाली येतं. दुसरा प्रकार गोडीसाठी घातलेल्या माल्टिटॉलचा. ही साखर नव्हे, म्हणून साखरेच्या ओळीत येत नाही. कॅलरीही साखरेच्या निम्म्याहून थोड्याच जास्त, त्यामुळे उत्तर उत्तम येतं. पण ते आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. माझ्या एका गिऱ्हाइकानं पळायच्या आधी असे दोन बार खाल्ले आणि मैदानावरून थेट घर गाठलं. 'जुलाब होऊ शकतात' अशा अर्थाची ओळ पाकिटावर असते, बारीक अक्षरात.

घटकांची यादीही वाचावी. जे वजनानं जास्त ते आधी, असा नियम आहे. त्यात ग्लुकोज सिरप, मध आणि गूळ वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण खाली सरकतो आणि प्रोटीन पहिलं दिसतं. बेरीज केली तर कधीकधी उलटं निघतं. प्रोटीन म्हणून सगळ्यात आधी जिलेटिन किंवा कोलॅजेन लिहिलं असेल, तर त्या ग्रॅमांवर माझा भरवसा कमी. शरीराला लागणारा प्रोटीनमधला एक घटक, ट्रिप्टोफॅन, त्यात नसतोच, आणि ही गोष्ट भागाकारात दिसत नाही.

आता आपल्या भागाची एक अडचण. पाकिटावरचा मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असला की नियमाला पुरतं. खानापूर, निपाणीकडून येणारी पोरं मराठी शाळेतली, काही कन्नड शाळेतली. त्यांना पुढचा 20 वाचता येतो आणि मागची 'ॲडेड शुगर' अडखळते. म्हणून मी काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवलाय. त्यावर प्रत्येक बारचं नाव, शंभर कॅलरीमागचं प्रोटीन आणि अख्ख्या बारमधली वरची साखर, मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलंय. कन्नड मजकूर समोरच्या शिंप्यानं लिहून दिला. वीसवाल्याचा खप थोडा उतरला, हेही कबूल करतो.

एक मात्र आहे. हा भागाकार वजन आटोक्यात ठेवायचंय त्याच्या उपयोगाचा. भाच्याचं तसं नाही. तो किडकिडीत आहे, रोज 1600 मीटरच्या फेऱ्या मारतो, त्याला कॅलरी लागतातच. त्यासाठी पळायच्या आधी तो केळं खातो आणि आल्यावर चार अंडी. सुट्टीला आईनं गोकाकहून आणलेला करदंट खातो. करदंटावर प्रोटीनचा आकडा छापलेला नसतो, त्यामुळे तिथं आमचा वाद होत नाही.

आपला,
एक किराणा दुकानदार
शहापूर, बेळगाव