बँकेकडे अडकलेले माझे 18,400 रुपये

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. विमानाची तिकिटं रद्द झाली आणि 18,400 रुपये क्रेडिट कार्डावर परत आले. त्या महिन्याचं बिल मी आधीच पूर्ण भरलं होतं. त्यामुळे स्टेटमेंटवर रकमेपुढे ‘Cr’ लागलंय, म्हणजे आता बँकच माझं देणं लागते. पैसे बचत खात्यात टाका म्हटलं, तर कस्टमर केअरवाली गोड आवाजात सांगते, “सर, पुढच्या खरेदीत ॲडजस्ट होतील.” अहो, मला मुलीची फी भरायचीय आणि तिचं कॉलेज कार्ड घेत नाही!

एप्रिल 2022 चे तुमचेच निर्देश काढून वाचले. बिल भरल्यावर आलेला रिफंड पतमर्यादेच्या 1 टक्का किंवा 5,000 रुपये, यांत जे कमी त्याहून जास्त असेल, तर तो कार्डावरच ठेवायला बँकेने सात दिवसांत ईमेल किंवा एसएमएसने माझी संमती घ्यायची. मी गप्प राहिलो तर पैसे थेट माझ्या खात्यात. माझं लिमिट 2 लाख, म्हणजे 2,000 च्या वरचं सगळं या नियमात बसतं. संमतीचा एसएमएस आलाच नाही. पर्सनल लोनचे मात्र न मागता येतात.

त्याच्याच पुढे लिहिलंय की रक्कम कितीही असो, ग्राहकाने मागितली की तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात जमा करायची. म्हणजे ज्याच्याकडून बिल दोनदा भरलं गेलं, त्यालाही हाच आधार. म्हणून फोनचा नाद सोडून लेखी ईमेल केला. कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव छापलेला कॅन्सल्ड चेक, सगळं जोडलं. उत्तर आलं, चेक अस्पष्ट आहे. नवा स्कॅन पाठवला, तर आता म्हणे “संबंधित विभागाकडे पाठवलंय”. तो विभाग कुठल्या ग्रहावर आहे, देव जाणे.

मी तीन दिवसांहून जास्त उशीर केला असता, तर लेट फी आणि वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरचं व्याज लागलं असतं. माझ्या 18,400 वर मात्र दमडी नाही! देशात दहा कोटींहून जास्त क्रेडिट कार्डं आहेत. प्रत्येकावर शंभरच रुपये असे पडून असले, तरी हजार कोटी झाले, तेही बिनव्याजी. माझा हिशेब ढोबळ आहे, मान्य. खरा आकडा तुम्हीच जाहीर करा की.

कार्ड बंद करायला सात कामकाजाच्या दिवसांहून उशीर लावला, तर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड तुम्हीच लावलात. मग हे पैसे अडवून ठेवल्याबद्दल तसाच दंड का नाही? ॲपमध्ये बिल भरायचं बटण पहिल्याच पानावर असतं. ‘शिल्लक खात्यात पाठवा’ हे बटण तिथेच द्यायला लावा. आमच्याकडून घेताना सगळं डिजिटल आणि द्यायची वेळ आली की चेकचा कागद, हा कारभार एका बँकेचा नाही, सगळीकडचाच आहे.

लेखी तक्रारीला तीस दिवस झाले की cms.rbi.org.in वर तुमच्या लोकपालाकडे येतोच आहे. तोच कॅन्सल्ड चेक घेऊन.

आपला,
बिल वेळेवर भरणारा एक कार्डधारक, डोंबिवली