स्कूटर पार्सलने पाठवताना किमतीचा रकाना कोरा ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, म्हणून गेल्या महिन्यात तिची स्कूटर रेल्वेने पाठवली. टाकी पूर्ण रिकामी केली, आरसीची व ओळखपत्राची प्रत जोडली, पार्सल ऑफिसबाहेरच्या माणसाकडून गोणपाट गुंडाळून घेतले आणि दोन्ही स्थानकांची नावे लिहिलेला पुठ्ठा हँडलला बांधला. एवढे सगळे केले, पण फॉरवर्डिंग नोटवर ‘किंमत’ असा एक रकाना होता, तो कोराच राहिला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने विचारले नाही, मलाही सुचले नाही.

स्कूटर पोहोचली तेव्हा पुढचा मडगार्ड फुटलेला आणि हेडलाइट चेपलेला होता. भरपाईची चौकशी केली तेव्हा त्या रकान्याचा अर्थ कळला. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १०३नुसार, बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून शेकडेवारीने जादा आकार भरला नसेल, तर रेल्वेची जबाबदारी वजनावर ठरते. १९९०च्या नियमांत ती पार्सलसाठी किलोला ५० रुपये आणि लगेजसाठी किलोला १०० रुपये आहे. माझी स्कूटर साधारण ११० किलोची. म्हणजे पार्सल म्हणून पाठवलेली ही गाडी समूळ हरवली असती, तरी जास्तीत जास्त साडेपाच हजार रुपये मिळाले असते. गाडीची किंमत सत्तर हजारांच्या घरात आहे. कुत्र्याच्या बाबतीत तर ही मर्यादा १२० रुपये आहे. घरातल्या जिवाचे हे मोल वाचून मला फार वाईट वाटले.

लगेज आणि पार्सल यांतला फरकही आधी समजून घ्यायला हवा. आपल्याकडे प्रवासाचे तिकीट असेल, तर ते दाखवून गाडी लगेज म्हणून बुक करता येते आणि ती सहसा आपल्याच ट्रेनच्या ब्रेकव्हॅनमधून येते. दर जास्त पडतो, कारण सायकल-स्कूटरला तिकिटावरची मोफत सामानाची सवलत नसते. पार्सलला तिकीट लागत नाही, दर कमी असतो, मात्र जागा मिळेल त्या गाडीने ते जाते. आमची स्कूटर चार दिवसांनी पोहोचली. मुलगी तिथेच राहत असल्याने वेळेत जाऊन ती सोडवता आली. मुदतीत न नेलेल्या पार्सलवर तासाच्या हिशेबाने वारफेज, म्हणजे माल ठेवल्याचा आकार, चढत जातो, हे परगावी पाठवणाऱ्याने लक्षात ठेवावे.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक पार्सल ऑफिसच्या खिडकीवर किलोमागची ही मर्यादा आणि किंमत जाहीर केल्यास भरावा लागणारा जादा आकार मराठीत, ठळक अक्षरांत लावावा. तसेच तो रकाना भरल्याशिवाय, किंवा ‘किंमत जाहीर करायची नाही’ अशी पाठवणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पावती फाडू नये.

आपला,
एक वाचक