ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र: ‘कार्ड बदलले’ एवढ्याने दुरुस्ती होत नाही

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: वॉरंटीतील वॉशिंग मशीन वारंवार बंद पडणे आणि जॉबशीटवर बिघाडाचे कारण न लिहिणे

सप्रेम नमस्कार.

आम्ही मराठवाड्यात घरगुती उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर आहोत. वॉरंटीतली मशीन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच जाते. त्यात आमचा धंदा बुडतो, अशी तक्रार नाही. तक्रार आहे ती तंत्रज्ञ दुरुस्तीनंतर भरून देतो त्या जॉबशीटवरच्या एका ओळीबद्दल: ‘पीसीबी बदलला, मशीन ओके.’ पीसीबी म्हणजे मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड. ते का जळाले, हे त्यात कुठेच नसते. आणि कारण शोधले नाही, की नवे कार्डही त्याच वाटेने जाते.

लातूर किंवा परभणीत सहज भेटेल असे एक प्रकरण घ्या. मशीन फ्रंट लोड, वॉरंटी दोन वर्षांची. सात-आठ महिन्यांनी पाणी निघणे बंद होते. कपडे साबणाच्या पाण्यातच राहतात. तंत्रज्ञ येतो, कार्ड बदलतो, मशीन चालते. दोन महिन्यांत पुन्हा तेच, पुन्हा नवे कार्ड. तिसऱ्या वेळी लक्षण थोडे बदलते: लाईट चालू करताच पंप आपोआप घरघरतो आणि भरलेले पाणी लगेच बाहेर जाते. आता जॉबशीटवर येते ‘व्होल्टेज कमी-जास्त, वॉरंटीत बसत नाही’. वर स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला आणि नव्या कार्डाचे अंदाजपत्रक.

इथे दोष व्होल्टेजचा आहे की पंपाचा, हे घरच्या घरी कळू शकते. वीज अचानक वाढली, तर मार आधी कार्डाच्या वीज आत येणाऱ्या बाजूला बसतो. तिथला फ्यूज जातो, त्याच्याजवळची, जादा व्होल्टेज झेलणारी चकतीसारखी व्हॅरिस्टर तडकते किंवा काळी पडते, आणि बहुतेक वेळा मशीनचा एकही दिवा लागत नाही. या प्रकरणात दिवे लागतात, पाणी भरते, ड्रम फिरतो. अडते ते फक्त पाणी काढण्यापाशी. म्हणजे कार्डावरचा, पंपाला वीज सोडणारा एकच ट्रायॅक गेला आहे. तो तुटला तर पंप चालत नाही; शॉर्ट झाला तर पंप थांबतच नाही. दोन्ही लक्षणांचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेन पंपाचे वाइंडिंग, त्यातले तांब्याच्या तारेचे वेढे.

पंपात नाणे, केसांचा गुंता किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार अडकला, ड्रेन पाइप मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा उंच बांधला, किंवा वरच्या नळीच्या क्लिपमधून पाणी पंपावर ठिबकत राहिले, की पंप तापतो आणि तारेवरचा वीज अडवणारा इनॅमलचा थर जळतो. वाइंडिंगचे काही वेढे आपसांत चिकटले, की पंप जास्त करंट ओढतो आणि ट्रायॅक जाळतो. फसवणारी गोष्ट अशी की हा शॉर्ट अनेकदा पंप गरम झाल्यावरच होतो. थंड पंप मीटरवर ठीक दिसतो, तंत्रज्ञ ‘पंप ओके’ म्हणतो आणि नवे कार्ड त्याच पंपाला जोडून जातो.

तपासणी अवघड नाही. वीज काढून, पंपाचे कनेक्टर सोडवून मल्टीमीटरने ओहम मोजावे. २३० व्होल्टच्या साध्या पंपात आकडा साधारण दीडशे ते दोनशेच्या आसपास येतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मग मशीनमध्ये पाणी भरून पंप आठ-दहा मिनिटे चालवावा, वीज काढून गरम असतानाच पुन्हा मोजावे. तांब्याची तार तापली की ओहम थोडे वाढायला हवेत. ते उतरले तर पंप खराब, मग कार्ड कितीही नवे असो. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीजगळती तपासायच्या मीटरने, वाइंडिंग आणि बॉडी यांमधला रोध पाहावा. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम आहे. काही नव्या मशीनमध्ये डीसी पंप असतो. तिथे हे आकडे लागू नाहीत, त्याची तपासणी वेगळी.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की फिल्टरमध्ये नाणे सापडले, तर ती चूक वापरणाऱ्याची. व्हॅरिस्टर खरोखर फुटलेली असेल, तर व्होल्टेजचे कारण मान्य करावे लागेल. आमचे म्हणणे इतकेच आहे की जे सापडले ते लिहा आणि दाखवा. मराठवाड्यात लाईट कमी-जास्त होते, पाणी जड आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण म्हणून प्रत्येक बिघाड त्यांच्या माथी मारता येत नाही.

ग्राहकाने सर्व्हिस सेंटरला द्यायच्या तक्रारीचा मजकूर आम्ही असा सुचवतो:

‘मॉडेल, सिरियल नंबर, बिल क्रमांक व खरेदीची तारीख वर दिली आहे. पाणी न निघण्याचा एकच बिघाड तीन वेळा झाला. प्रत्येक वेळचा तक्रार क्रमांक, तारीख, लक्षण, बदललेला भाग आणि मशीन बंद राहिलेले दिवस सोबतच्या तक्त्यात आहेत. कार्ड जळण्याचे कारण लेखी द्यावे. ड्रेन पंपाचे थंड व गरम अवस्थेतील ओहम जॉबशीटवर नोंदवावेत. व्होल्टेजचे कारण असल्यास जळालेल्या व्हॅरिस्टर व फ्यूजचे फोटो द्यावेत. पंप व कार्ड दोन्ही वॉरंटीत बदलावे. बिघाड पुन्हा झाल्यास मशीन बदलून द्यावी किंवा रक्कम परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.’

हे पत्र सर्व्हिस सेंटर, विक्रेता आणि उत्पादक तिघांनाही ईमेलने आणि पोच मागवून स्पीड पोस्टाने पाठवावे. जुने कार्ड तंत्रज्ञ नेण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि त्यावरच्या नंबरचे फोटो काढून ठेवावेत. कार्डावर राळेसारखा थर असतो, तरी जळालेली जागा बहुधा दिसते. तो भाग पुरावाच आहे, आणि आज तो पहिल्याच भेटीत घराबाहेर जातो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी आयोगाचे शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. दोष सिद्ध करायला प्रयोगशाळेचा अहवाल लागला, तर आयोग तपासणीचा खर्च तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. कारण लिहिलेली जॉबशीट हाती असेल, तर बऱ्याच प्रकरणांत ही पाळीच येणार नाही. मुद्दाम माहिती दडवणे ही याच कायद्यात सेवेतील त्रुटी मानली आहे.

आमच्या मागण्या दोन. पहिली, वॉरंटीतील प्रत्येक दुरुस्तीची जॉबशीट मराठीत असावी, तीत बिघाडाचे कारण, मोजलेले आकडे आणि काढलेल्या भागाचा नंबर असावा, आणि एकच भाग दुसऱ्यांदा गेल्यास त्याला जोडलेल्या भागांची तपासणी बंधनकारक करावी. कंपन्यांना असे करायला लावण्यासाठी राज्याने आपले नियम करावेत आणि केंद्राकडेही आग्रह धरावा.

दुसरी, कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हाधिकारी ग्राहकांच्या समूहाच्या हक्कभंगाची तक्रारीवरून चौकशी करू शकतात. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही तेच असतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठही जिल्ह्यांत परिषदेच्या पुढच्या बैठकीत ‘व्होल्टेज’ लिहून वॉरंटी नाकारलेल्या जॉबशीट मागवाव्यात. त्या तपासायला मीटर घेऊन बसायची आमची तयारी आहे.

आपले,
मराठवाड्यातील घरगुती उपकरणे दुरुस्ती कारागीर